आतड्याच्या भिंतीत शिरलेली हवा

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पोटाचा एक्स-रे समोर आला की जाणकार डॉक्टर आधी हवा शोधतो. पोटात हवा असायलाच हवी. बाळ पहिल्या श्वासापासून हवा गिळू लागतं आणि साधारण दिवसभरात ती आतड्यातून पार गुदाशयापर्यंत पोहोचते. एक्स-रेवर हवा काळी दिसते. यकृत, रक्त, पाणी आणि आतड्याची भिंत राखाडी. ठणठणीत नवजात बाळाच्या पोटात लहान लहान बहुकोनी काळे तुकडे एकमेकांना खेटून बसलेले दिसतात आणि त्यातलं कुठलंही वेटोळं शेजारच्याहून फार मोठं नसतं. हवा अशी आतड्याच्या पोकळीत आहे तोवर काळजी नाही. पण तीच हवा भिंतीच्या जाडीत दिसली, तर त्या बाळाच्या पुढच्या दोन आठवड्यांचा बेत तिथल्या तिथे बदलतो.

या आजाराला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. वॉर्डात त्याचं नाव नुसतं एनईसी. आतड्याला सूज येते, अस्तर सोलवटतं, पुढे भिंत मरू लागते आणि शेवटी तिला भोक पडू शकतं. दीड किलोच्या आतल्या बाळांपैकी शंभरात साधारण पाच ते दहा बाळांना तो होतो, असं जगभरच्या नोंदी सांगतात. नेमकं कारण एक नाही. कच्चं आतडं, त्यात चुकीच्या जंतूंची गर्दी, रक्तपुरवठ्याची ओढाताण आणि पोटात पडणारं दूध, असं सगळं एकत्र येतं. आजारी पडलेल्या जवळजवळ सगळ्या बाळांना आधी दूध सुरू झालेलं असतं. त्यातही पावडरच्या दुधावरच्या बाळांना धोका जास्त आणि आईच्या दुधावरच्यांना कमी, हे आता नक्की झालं आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. तिथलं दूध ज्यांच्यासाठी सर्वांत मोलाचं, ती हीच इवली बाळं.

भिंतीत हवा शिरते तरी कशी? आतड्याच्या पोकळीत जंतू असतात. कच्च्या आतड्याला दुधातली साखर पुरती पचवता येत नाही. उरलेली साखर जंतू आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. त्यात मोठा वाटा हायड्रोजनचा असतो, हे भिंतीतला वायू काढून तपासल्यावर कळलं. अस्तर शाबूत असेल तर हा वायू खालून निघून जातो. ते सोलवटलं की जंतू आणि वायू दोन्ही भिंतीत घुसतात. आतड्याची भिंत एकावर एक थरांची असते. पोळी तव्यावर फुगताना तिचे पदर सुटतात आणि मधे वाफ भरते, तसे हे थर सुटतात आणि मधे वायू भरतो. अस्तराच्या लगतच्या थरात तो साठला तर छोटे छोटे बुडबुडे दिसतात. बाहेरच्या वेष्टणाखाली पसरला तर भिंतीच्या कडेकडेने धावणारी काळी रेघ दिसते. डॉक्टर याला न्यूमॅटोसिस इन्टेस्टिनॅलिस म्हणतात.

या रेघेला एवढं महत्त्व का, याचं उत्तर १९७८ मध्ये मिळतं. अमेरिकेतल्या मार्टिन बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी या आजाराच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिली संशयाची, दुसरी नक्की निदानाची, तिसरी आतडं हाताबाहेर चालल्याची. १९८६ मध्ये वॉल्श आणि क्लिगमन यांनी त्यांत आणखी बारकावे घातले. आजही एनआयसीयूमध्ये याच पायऱ्यांची भाषा चालते. पोट फुगणं, दूध न पचणं, शीत रक्त दिसणं या गोष्टी दहा कारणांनी होऊ शकतात, म्हणून त्या पहिल्या पायरीवरच राहतात. पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेणारी खूण म्हणजे भिंतीतली हवा. पहिल्या पायरीवर दूध दोन-तीन दिवस बंद. दुसरीवर आठ-दहा दिवस, कधी चौदा. एवढे दिवस बाळ शिरेतून पोसायचं म्हणजे मोठ्या शिरेत नळी, त्या नळीतून जंतुसंसर्गाचा धोका आणि वजनाची मागे पडलेली वाढ. म्हणजे नसलेली हवा दिसल्याचं म्हटलं तर बाळाला फुकटचा उपास घडतो, आणि असलेली हवा नजरेतून सुटली तर मरू घातलेल्या आतड्यात दूध पडत राहतं.

एक उदाहरण घेऊ. बाळ काल्पनिक आहे, पण असं बाळ कुठल्याही एनआयसीयूमध्ये भेटेल. २९ आठवड्यांना जन्मलेली मुलगी, जन्माचं वजन ११२० ग्रॅम. पहिले काही दिवस सीपॅपवर गेले, मग श्वास सुधारला. नळीने दूध वाढवत वाढवत सोळाव्या दिवशी ती दर दोन तासांनी १५ मिलिलिटरवर आली. आईचं दूध कमी पडत होतं, म्हणून दोन दिवसांपासून काही वेळा पावडरचं दूध दिलं जात होतं. वजन १२०० ग्रॅम झालं होतं आणि घरचे आता बाळ काचेतून बाहेर कधी येणार म्हणून विचारत होते. या आजाराची एक खोड इथे ध्यानात घ्यायची. बाळ जितकं कमी दिवसांचं, तितका तो उशिरा येतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला झालाच तर पहिल्या आठवड्यात, आणि अशा २८-२९ आठवड्यांच्या बाळाला दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, म्हणजे नेमका सगळे निर्धास्त झाले की.

रात्री दोनच्या दुधाआधी सिस्टरने नळी ओढून पाहिली तर हिरवट पाणी आलं. पोट ताणलेलं, चमकणारं. बाळाने तासाभरात दोनदा श्वास रोखला. डायपरमध्ये शीबरोबर रक्ताचा धागा. ड्युटीवरच्या डॉक्टरने दूध थांबवलं, तोंडातून पोटात घातलेली नळी उघडी ठेवली, रक्ताचे नमुने घेतले, प्रतिजैविकं सुरू केली आणि पोर्टेबल मशीन बोलावलं.

इथे एक्स-रे काढण्याच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण निम्मी गफलत तिथेच होते. बाळ हलवता येत नाही. मशीन त्याच्याकडे येतं. फिल्मची कॅसेट बाळाखाली सरकवतात. छातीवरच्या मॉनिटरच्या वायरी शक्य तेवढ्या बाजूला घेतात. काही इन्क्युबेटरच्या झाकणाला एक गोल भोक असतं आणि त्याची सावली फिल्मवर नेमकी पोटावर पडली की हुबेहूब एक गोल काळा बुडबुडा दिसतो. कातडीची घडी पडली तर रेघ दिसते. पोटाच्या बाजूला कातडीखाली चरबीचा पातळ काळपट पट्टा असतो, त्यालाही नवखा डॉक्टर आतड्यातली हवा समजू शकतो. उताणं निजवून एक फिल्म काढतात. दुसरी एकतर बाळ तसंच ठेवून आडव्या किरणांनी, नाहीतर त्याला डाव्या कुशीवर वळवून. ही दुसरी फिल्म भोक पडलंय का ते पाहण्यासाठी असते. डाव्या कुशीवर मोकळी हवा वर चढते आणि यकृत व पोटाची भिंत यांच्यामध्ये काळी पट्टी होऊन थांबते. किरणांची भीती पालकांना वाटते, पण अशा एका फिल्मचा डोस निसर्गात आपल्याला काही दिवसांत मिळतो त्याच्या आसपासच असतो.

आपल्या बाळाची पहिली फिल्म तीनच्या सुमारास आली. फिल्म वाचताना बाळाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे लक्षात ठेवायचं. वेटोळी फुगलेली होती आणि सारखी नव्हती. मधली दोन लांबट, बाकीची दबलेली. बहुकोनी तुकड्यांची नेहमीची मांडणी मोडली होती. नुसतं फुगणं म्हणजे एनईसी नव्हे. सीपॅपवरच्या बाळाच्या पोटात हवा ढकलली जाते आणि सगळी वेटोळी सारखीच फुगतात. ते बाळ एरवी मजेत असतं. इथे फुगणं वेडंवाकडं होतं आणि बाळ मलूल. उजवीकडे खाली, लहान आतडं संपून मोठं सुरू होतं त्या भागात, राखाडी पट्ट्यात पाच-सहा बारीक काळे ठिपके दिसत होते. याच जागी हा आजार जास्त येतो.

हवा का शी? या प्रश्नावर कसलेले रेडिओलॉजिस्टही एकमेकांशी भांडतात, आणि एकाच फिल्मवर दोघांचं मत वेगळं पडणं नेहमीचं आहे. शी आणि हवा मिसळली की तीही ठिपक्याठिपक्यांची दिसते. मला विचाराल तर इथे चार गोष्टी एकत्र तोलाव्या लागतात. शी बहुतेक डावीकडे, खाली उतरणाऱ्या मोठ्या आतड्यात आणि गुदाशयात असते. ती पोकळीच्या मधे असते, कडेला नाही. जे बाळ अजून थेंब-थेंब दुधावर आहे त्याच्या आतड्यात ठिपक्यांची शी होण्याइतकी शी नसतेच. शीचे ठिपके पुढच्या फिल्मपर्यंत सरकतात, कमी होतात. भिंतीत अडकलेले तिथेच राहतात. आणि चौथी गोष्ट सगळ्यात मोठी: शीमुळे ठिपके दिसतील, पण भिंतीला समांतर धावणारी वाकडी काळी रेघ शी काढू शकत नाही. म्हणून रेघ दिसली तर डॉक्टर जवळजवळ खात्रीने बोलतो, नुसत्या ठिपक्यांवर जपून.

तीनच्या फिल्मवर रेघ नव्हती. म्हणून त्या रात्री केस पेपरवर ‘संशयित, पहिली पायरी’ एवढंच लिहिलं गेलं, आणि सहा तासांनी पुन्हा फिल्म काढायचं ठरलं. मला हा निर्णय पटतो. उपचार तर सुरू झालेच होते. फक्त निदानावर शिक्का मारायची घाई केली नाही.

सकाळी नऊच्या फिल्मवर ते ठिपके जागचे हलले नव्हते. उलट त्यांच्या वरच्या वेटोळ्याच्या कडेला आता एक वाकडी काळी रेघ होती. ही रेघ कशी ओळखायची ते सांगतो. आतड्याची पोकळी काळी. तिच्या बाहेर एक केसभर राखाडी पट्टी, ते सोलवटलेलं अस्तर. त्याच्या बाहेर पुन्हा काळी रेघ, तो भिंतीतला वायू. आणि त्याच्या बाहेर उरलेली राखाडी भिंत. काळं, राखाडी, काळं, राखाडी हा क्रम वेटोळ्याच्या वळणाबरोबर वळला पाहिजे. वेटोळं आपल्या दिशेने तोंड करून असेल तर हीच रेघ गोल कडं होऊन दिसते. दोन वेटोळी शेजारी आली की त्यांच्या भिंतींमधेही रेघेचा भास होतो, पण तिथे मधली रेघ राखाडी असते, काळी नाही. हे सगळं मिलिमीटरभरात चाललेलं असतं, म्हणून मूळ फिल्म मोठ्या पडद्यावर, उजेड आणि ठळकपणा कमी-जास्त करून, मोठी करून पाहावी लागते. आडगावच्या दवाखान्यातून मोबाइलवर फिल्मचा फोटो काढून ‘सर, बघा ना जरा’ म्हणून पाठवतात. त्या फोटोत ही रेघ पुसली जाऊ शकते. अशा फोटोवर ‘काही नाही’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

पुढे डॉक्टरची नजर यकृताकडे गेली. भिंतीतला वायू शिरांमध्ये शिरला तर रक्ताबरोबर यकृताच्या शिरेत जातो आणि यकृतावर कडेपर्यंत पोहोचणाऱ्या, फाटे फुटलेल्या काळ्या रेषा दिसतात. असं दिसलं तर आजार एक घर पुढे गेलेला असतो. मात्र बेंबीतून नळी नुकतीच घातली असेल तर त्या वेळी आत गेलेली हवाही यकृतात दिसते, म्हणून ते आधी विचारायचं. आपल्या बाळाचं यकृत स्वच्छ होतं. कुशीवरच्या फिल्मवर मोकळी हवा नव्हती. आता केस पेपरवर ‘दुसरी पायरी’ आली आणि बालशस्त्रक्रिया तज्ज्ञांना बोलावलं गेलं. त्यांनी लगेच काही कापायचं नसतं. त्यांनी पोट आज हाताने पाहून ठेवलं तर उद्याचा फरक त्यांना कळतो.

बाहेर आजीने ‘गॅस’ हा शब्द ऐकला. “गॅसच आहे ना, मग बेंबीभोवती हिंग लावते की थोडा. याच्या बापालाही लावायचे.”

“आजी, हा तो गॅस नाही,” डॉक्टर म्हणाले. “तो आतड्याच्या आत असतो, पादला की मोकळा. हा आतड्याच्या कातडीत अडकलाय. आतड्याला जखम झालीय म्हणून तो तिथे शिरलाय. पोटाला हात लावायचा नाही, दूध द्यायचं नाही, दहा दिवस आतड्याला निजू द्यायचं.”

“दहा दिवस उपाशी?”

“उपाशी नाही. शिरेतून सगळं जाईल. सूनबाईंना सांगा, दूध काढत राहा, इथे फ्रीझरमध्ये ठेवू. परत सुरू करताना आधी तेच लागणार आहे.”

पहिला दीड दिवस सहा-सहा तासांनी फिल्म निघत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघ दिसेनाशी झाली आणि घरच्यांना वाटलं, सुटलो. इथे मात्र दमाने घ्यायला लागतं, कारण ही खूण दोन बाजूंनी फसवते. भिंतीतला वायू काही तासांतही विरून जाऊ शकतो. म्हणजे दोन फिल्मांच्या मधे तो येऊन गेलेलाही असेल आणि कोणाला कधीच दिसणार नाही. म्हणून रेघ नाही म्हणजे आजार नाही, असं म्हणता येत नाही. शिवाय रेघ किती लांब, ठिपके किती, यावरून आजार किती खोल ते कळत नाही. भरपूर हवा दिसलेलं बाळ औषधांवर बरं होतं, आणि चिमूटभर हवा दिसलेल्या बाळाचं आतडं वीतभर कुजलेलं निघतं. रेघ गेली याचा अर्थ बाळाकडे बघूनच लावायचा. पोट मऊ होतंय, प्लेटलेट टिकल्यात, रक्तातलं आम्ल उतरतंय आणि श्वास रोखणं थांबलंय, तर ती बरी होण्याची खूण. प्लेटलेट घसरतायत, आम्ल वाढतंय, पोटाची कातडी लालसर निळसर होतेय आणि फिल्मवर हवाच कमी कमी होत चाललीय, तर आतडं चालायचं थांबलंय. चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ एकच फुगलेलं वेटोळं त्याच आकारात, त्याच जागी अडून बसलं, तर तिथे आतडं मेल्याची शंका घेतात. आणि मोकळी हवा दिसली तर वाद संपतो. ऑपरेशन करावंच लागतं, नाहीतर अगदी नाजूक बाळाच्या पोटात आधी एक नळी सोडून हवा-पाणी बाहेर काढतात. ऑपरेशनपर्यंत गेलेल्या बाळांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावतात.

आता काही मोठ्या रुग्णालयांत एक्स-रेच्या जोडीला सोनोग्राफी करतात. एक्स-रेला न दिसणाऱ्या तीन गोष्टी ती दाखवते: भिंत किती जाड झालीय, तिच्यातून रक्त वाहतंय का, आणि पोटात गढूळ पाणी साठलंय का. रक्त वाहत नसलेली, पातळ झालेली भिंत म्हणजे फाटायच्या बेतात आलेली भिंत, आणि ती एक्स-रेवर मोकळी हवा दिसण्याआधीही समजू शकते. पण सोनोग्राफी करणाऱ्या हातावर फार काही ठरतं आणि रात्री दोनला तो हात बहुतेक ठिकाणी नसतो. पोर्टेबल मशीन असतं. म्हणून पहिला प्रश्न अजून एक्स-रेलाच विचारला जातो.

आपल्या मुलीच्या प्लेटलेट उतरल्या नाहीत, पोट तिसऱ्या दिवशी मऊ झालं, शी स्वच्छ झाली. दहा दिवस प्रतिजैविकं आणि शिरेतलं पोषण चाललं. अकराव्या दिवशी आईच्या दुधाचे १ मिलिलिटरपासून घोट पुन्हा सुरू झाले.

घरी जाताना तिच्या आईबापांना जे सांगितलं ते या आजारातून उठलेल्या प्रत्येक बाळाच्या घरच्यांनी ऐकावं असं आहे. जखम भरताना काही बाळांचं आतडं एका जागी आकसून अरुंद होतं, बहुतेकदा मोठ्या आतड्यात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत. पोट पुन्हा फुगू लागलं, हिरवी उलटी झाली, शी थांबली किंवा तिच्यात रक्त दिसलं, तर हिंग, ओवा, ग्राइप वॉटर काही करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. डिस्चार्ज कार्डावर ‘एनईसी, दुसरी पायरी’ असं लिहून घ्या आणि सगळ्या फिल्म किंवा त्यांची सीडी मागून घ्या. पुढच्या डॉक्टरला जुनी फिल्म हाताशी असली की नवी वाचणं सोपं जातं.